तीन रकाने आणि एक दारूचं दुकान

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या मुलामुलींच्या वह्यांमध्ये एक तक्ता हमखास असतो. डावीकडे पायऱ्या आणि वर तीन रकाने: व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन. परीक्षेच्या आदल्या रात्री तो पाठ होतो आणि क्षेत्रकार्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याची पंचाईत होते. समोर आलेली बाई काही कुठल्या रकान्यात बसून आलेली नसते. तिचा प्रश्न एकाच वेळी तिच्या घरातला असतो, शेजारच्या चार घरांतला असतो आणि गावाच्या वेशीवर असलेल्या दुकानातलाही असतो.

तक्ता चुकीचा नाही. तो कसा वाचायचा हे मात्र शिकवावं लागतं. या प्रकरणात तो तक्ता आधी मांडला आहे आणि मग एकाच प्रश्नावर, म्हणजे गावातल्या देशी दारूच्या दुकानावर, तिन्ही रकाने चालवून पाहिले आहेत. हा प्रश्न निवडण्यामागे कारण आहे. महाराष्ट्रात दारूच्या बाबतीत तिन्ही पातळ्यांवर काम करण्याची सोय खरोखर आहे. घरासाठी कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, गटासाठी गावोगावची बायकांची मंडळं आहेत आणि गावासाठी आडव्या बाटलीचं मतदान आहे.

तीन पद्धती एकाच वेळी जन्मल्या नाहीत, हेही तक्ता वाचताना उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या दानसंस्थांमधून घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कामाला मेरी रिचमंड यांनी 1917 साली ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथात शिस्त दिली. आधी माहिती गोळा करा, मग निदान, मग उपाय, असा क्रम तिथे वैद्यकाच्या धर्तीवर मांडला गेला. गटकार्याची मुळं वेगळी आहेत. लंडनमधलं टॉयन्बी हॉल (1884), शिकागोतलं हल हाउस (1889) अशा वस्तीकेंद्रांमधले क्लब, वर्ग, खेळ यांतून ते वाढलं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय समाजकार्य परिषदेत गटकार्याला स्वतंत्र विभाग मिळाला तो 1935 मध्ये आणि समुदाय संघटनाला पद्धत म्हणून मान्यता देणारा लेन समितीचा अहवाल 1939 चा. भारतातही सुरुवात वस्तीतूनच झाली. मुंबईच्या नागपाड्यातलं वस्तीकेंद्र चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट हेच 1936 साली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक. तेच आजचं टाटा समाजविज्ञान संस्थान, म्हणजे ‘टिस’.

पायऱ्यांचे शब्द, म्हणजे अभ्यास, निदान, उपाय, मूल्यमापन, पहिल्या पद्धतीत घडले आणि नंतर इतर दोन रकान्यांत उतरले. म्हणूनच तक्ता वरवर इतका एकसारखा दिसतो.

| पायरी | व्यक्तिसहाय्य कार्य | गटकार्य | समुदाय संघटन |
|---|---|---|---|
| 1. पहिली भेट | सेवार्थी कोण आणि तिची मागणी काय, हे ठरवणं | गट कशासाठी, कोणाचा, किती जणांचा, हे ठरवणं | गावात प्रवेश, ओळखी, विरोध कुठून होईल याचा अंदाज |
| 2. अभ्यास | मुलाखत, गृहभेट, घरातली नाती, पैसा, धोका | प्रत्येकीशी स्वतंत्र बोलणं, आधीची नाती पाहणं | घरोघर पाहणी, कागदपत्रं, मतदारयादी |
| 3. निदान | प्रश्न आणि बळ दोन्हींची लेखी मांडणी | गट कोणत्या टप्प्यावर आहे याची पारख | गरजांचा अग्रक्रम, लोकांनी ठरवलेला |
| 4. योजना | सेवार्थीने निवडलेली छोटी उद्दिष्टं | नियम, बैठकींचा क्रम, कार्यक्रम | समिती, कामवाटप, कायद्याचा मार्ग |
| 5. कृती | समुपदेशन, उपचार आणि सेवांशी जोडणी | चर्चा, प्रसंगनाट्य, परस्परांना आधार | सभा, सह्या, मतदान, पाठपुरावा |
| 6. मूल्यमापन | ठरलेल्या खुणा मोजणं | बोलणं कोणाकडून कोणाकडे जातं ते पाहणं | निर्णय आणि त्याचे दुष्परिणाम तपासणं |
| 7. समारोप | केस बंद, ठरावीक काळाने चौकशी | निरोपाची बैठक | काम स्थानिक समितीच्या हाती देणं |

आता उदाहरण. पुढचं गाव, त्यातली माणसं आणि आकडे हे शिकवण्यासाठी रचलेले आहेत. कायदे, वैद्यकीय धोके आणि कामाच्या पायऱ्या खऱ्या आहेत.

गाव दुष्काळी पट्ट्यातलं, दिवाळीनंतर बरीच घरं ऊसतोडीला जाणारी. वेशीवर परवान्याचं देशी दारूचं दुकान. एका सामाजिक संस्थेची कार्यकर्ती आठवड्यातून दोन दिवस आरोग्य उपकेंद्रात बसते. तिच्याकडे सुमन येते. वय चौतीस, शेतमजुरी करणारी. नवरा रोज पितो, शनिवारच्या बाजाराला तिची मजुरी हिसकावून घेतो, मारतो. चौदा वर्षांच्या मुलाने शाळा सोडून हॉटेलात काम धरलंय. सुमनची मागणी अगदी नेमकी आहे.

“ताई, चहात टाकायची पावडर मिळते म्हणतात. तेवढी आणून द्या. बाकी मला काही नको.”

तक्त्यातली पहिली पायरी इथेच कस लावते. सेवार्थी कोण? नवशिकी कार्यकर्ती लगेच नवऱ्याला सेवार्थी धरते आणि ज्याने मदत मागितलेलीच नाही त्याच्या सुधारणेची योजना आखायला लागते. खोलीत बसलेली बाई तेवढ्यात नुसती माहिती पुरवणारी होऊन जाते. नियम साधा आहे. जी आली आहे, जिने मागितलं आहे, ती सेवार्थी. नवरा पुढे आला तर त्याची केस वेगळी.

आणि पावडर? अशा पावडरींपैकी काहींमध्ये डायसल्फिराम हे औषध असू शकतं. दारूबरोबर ते शरीरात गेलं की चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड आणि रक्तदाब कोसळणं इथपर्यंत मजल जाते. माणसाला माहीत असेल आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली असेल तरच ते द्यायचं. नकळत दिलेलं जिवावर बेतू शकतं. त्यामुळे कार्यकर्तीला पहिल्याच भेटीत मागणी नाकारावी लागते आणि तरीही बाई परत येईल असं बोलावं लागतं. व्यक्तिसहाय्याची खरी परीक्षा या दहा मिनिटांत होते. “पावडर का नको” हे तिने नीट समजावलं आणि लगेच “शनिवारी नेमकं काय होतं ते मला सांगा” असं विचारलं, तर दार उघडं राहतं.

हेलन हॅरिस पर्लमन यांनी 1957 मध्ये व्यक्तिसहाय्याचे चार घटक सांगितले: व्यक्ती, तिची समस्या, मदत जिथे मिळते ती जागा आणि मदतीची प्रक्रिया. परीक्षेत ही चार नावं लिहून गुण मिळतात. उपकेंद्रात यातला तिसरा घटक सगळ्यात आधी टोचतो, कारण ती जागा गावातलीच आहे, बाहेर बाकावर सुमनची जाऊ बसलेली असू शकते आणि दार नीट लागत नाही. म्हणून दुसरी भेट शेतावरून परतताना, मंदिरामागच्या पारावर ठरते. गृहभेट नवरा कामावर असताना, तीही सुमनने “या” म्हटल्यावरच.

अभ्यासाच्या पायरीत माहितीचा ढीग जमवण्याचा मोह असतो. त्यातून बाहेर काढायचं असतं ते निदान, आणि चांगलं निदान चार-पाच वाक्यांत मावतं. सुमनच्या नोंदवहीत ते असं असेल: ‘धोका: महिन्यात दोनदा रात्र घराबाहेर काढावी लागली, डोक्याला जखम एकदा. पैसा: मजुरी रोख मिळते, शनिवारी जाते. बळ: बहीण चार किलोमीटरवर, स्वतःचं बँक खातं आहे पण वापरात नाही, मुलाला परत शाळेत जायचं आहे. इच्छा: घर सोडायचं नाही.’ शेवटचं वाक्य कार्यकर्तीला पटो न पटो, योजना त्यावरच उभी राहते. फेलिक्स बीस्टेक यांच्या सात तत्त्वांपैकी स्वनिर्णयाचं तत्त्व इथे नुसतं वहीत राहत नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदाही बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. संरक्षण हवं तर तिने घर सोडलंच पाहिजे, असं तो म्हणत नाही. संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता, 181 हा महिला हेल्पलाइन क्रमांक, तालुक्याच्या न्यायालयातून महिलांना मोफत मिळणारी विधी सेवा ही माहिती सुमनला पहिल्या दोन भेटींतच दिली जाते. ती आज वापरेल की सहा महिन्यांनी, हे तिचं ती ठरवेल.

उद्दिष्टं तीन, तिने निवडलेली. मजुरी खात्यात घ्यायची. मारहाणीच्या रात्री बहिणीकडे जायचं आणि तिथे कपड्यांची एक पिशवी आधीच ठेवायची. मुलाला शाळेत परत बसवायचं. ‘नवऱ्याची दारू सोडवणं’ यात नाही, आणि ते नसणं मान्य करायला कार्यकर्तीला सुमनपेक्षा जास्त वेळ लागतो, हे अनेक केस-नोंदी वाचताना दिसतं.

दोन महिन्यांनी नवरा स्वतः येतो. पोटात दुखतंय, हात थरथरतात. आता त्याची केस उघडते आणि इथे समाजकार्याची हद्द स्पष्ट आखावी लागते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला “आजपासून बंद” असं सांगणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं-प्राणी दिसतात, आणि उपचार न मिळाल्यास ती अवस्था प्राणघातक ठरते. म्हणून शपथ, माळ, देवळातली आण यांच्याआधी डॉक्टर. उपजिल्हा रुग्णालयात दारू उतरवण्याचे उपचार आणि मग व्यसनमुक्ती केंद्र, असा क्रम. अनिल आणि अनिता अवचट यांनी पुण्यात 1986 साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांनी रुग्णाबरोबर घरच्या माणसांनाही उपचारात घेतलं, ते याचसाठी की परत येणारा माणूस त्याच घरात परत येतो.

व्यक्तिसहाय्याचं मूल्यमापन भावनेवर सोडू नये. “सुमनचा आत्मविश्वास वाढला” हे वाक्य नोंदवहीत कशाचाच पुरावा नाही. गेल्या आठ शनिवारांपैकी किती शनिवारची मजुरी खात्यात गेली, किती रात्री घराबाहेर काढाव्या लागल्या, मुलगा शाळेत किती दिवस हजर होता: एवढ्या तीन खुणा पुरेत.

याच काळात कार्यकर्तीच्या वहीत अशा नऊ बायका जमतात. नऊ वेळा तीच शनिवारची गोष्ट ऐकल्यावर गटाची कल्पना सुचणं स्वाभाविक आहे. पण सगळ्यात सोपा रस्ता इथेच फसवतो. गावात बचत गट आधीपासून आहे, दर महिन्याला भरतो, मग त्याच बैठकीत हा विषय घेतला तर? बचत गटाचा हेतू पैसा आहे. त्यात सासू आणि सून एकत्र असतात, कर्जाची थकबाकीदार आणि वसूल करणारी समोरासमोर असतात. तिथे एखादीने नवऱ्याच्या माराबद्दल तोंड उघडलं की ते संध्याकाळपर्यंत घरी पोचतं आणि पुढच्या बैठकीला ती येत नाही. गटकार्याचा गट हेतूनुसार नव्याने बांधावा लागतो. आठ ते बारा जणी, एकाच घरातल्या दोघी नकोत, आणि सुरू झाल्यावर मध्येच नवी भरती नको. प्रत्येकीशी आधी स्वतंत्र बोलणं ही तक्त्यातली दुसरी पायरी म्हणूनच गाळता येत नाही.

गट जमतो तो सरळ रेषेत नाही. गार्लंड, जोन्स आणि कोलोडनी यांनी 1965 मध्ये त्याचे पाच टप्पे नोंदवले: चाचपणी, सत्तेची ओढाताण, जवळीक, वेगळेपणाचा स्वीकार आणि निरोप. त्यातला दुसरा टप्पा कार्यकर्त्यांना सगळ्यात जास्त घाबरवतो. आपल्या नऊजणींच्या गटात तिसऱ्या-चौथ्या बैठकीला तो येतो. एक बाई सगळ्यांच्या वतीने बोलू लागते. दुसरी म्हणते, “हिचा नवरा मारत नाही, हिला काय कळणार?” तिसरी रागाने कार्यकर्तीलाच विचारते, “तुमचं लग्न झालंय का?” दोघी पुढच्या वेळी गैरहजर. नवखी कार्यकर्ती समजते की गट फुटला आणि पुढच्या बैठकीला सरकारी योजनांवर भाषण ठेवते, म्हणजे वाद नको. तिथे गट पुन्हा पहिल्या टप्प्यावर जातो. जाणती कार्यकर्ती त्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, गैरहजर राहिलेल्या दोघींना घरी जाऊन भेटते आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही हा नियम बायकांकडूनच, त्यांच्याच शब्दांत ठरवून घेते.

गटाचं काम चर्चेपेक्षा प्रसंगनाट्यात उघडतं. शनिवारची संध्याकाळ उभी केली जाते. एक नवरा होते, एक सुमन, एक सासू. सुमन प्रत्यक्षात काय बोलते आणि दुसरं काय बोलता येईल हे करून पाहिलं जातं. मग प्रत्येकीने आठवड्यात एकच गोष्ट वेगळी करायची. कोणी नवऱ्याची दुकानातली उधारी भरायचं थांबवते, कोणी मुकादमाला “ते आजारी आहेत” असं खोटं सांगणं बंद करते. काय झालं ते पुढच्या बैठकीत सांगायचं. एकीला त्याबद्दल मार बसतो. ही बातमी गटासाठी अत्यंत महत्त्वाची असते, कारण उधारी न भरणं सगळ्या घरांत सारखं सुरक्षित नाही हे त्यातून कळतं. त्या बाईची केस लगेच पहिल्या रकान्यात जाते. स्वतंत्र भेट होते आणि तिच्या सुरक्षिततेची योजना आखली जाते. गटातून ती बाहेर पडत नाही. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालतात.

गट पिकला की नाही हे ओळखायची एक साधी खूण आहे. बैठकीत कोण कोणाकडे पाहून बोलतं ते कागदावर बाणांनी काढायचं. पहिल्या बैठकींमध्ये सगळे बाण कार्यकर्तीकडे जातात. सातव्या-आठव्या बैठकीपर्यंत बायका एकमेकींना प्रश्न विचारू लागल्या नाहीत, तर तो गट अजून श्रोत्यांचाच आहे.

आपल्या गटात नवव्या बैठकीला एक जण म्हणते, “आपण घरी कितीही करा, दुकान तर दारातच आहे.” प्रश्नाने तिसऱ्या रकान्यात पाऊल टाकलं ते असं. तक्त्यातल्या तीन स्तंभांमध्ये आडवी वाट असते, आणि ती वाट सेवार्थींनी उघडली तर टिकते. कार्यकर्तीने पहिल्या दिवसापासून दुकान बंद करायचं ठरवलं असतं, तर बायका तिच्या मोर्चात आल्या असत्या आणि मोर्चानंतर घरी गेल्या असत्या. मरे रॉस यांच्या 1955 च्या मांडणीत समुदायाने आपली गरज स्वतः ओळखणं आणि तिचा क्रम लावणं याला जे स्थान आहे, त्याचा व्यवहारातला अर्थ हाच.

मार्ग कायद्यात आहे. महाराष्ट्र शासनाच्या 2008 च्या आदेशानुसार गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के महिलांनी सह्यांनिशी मागणी केली, तर राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो आणि गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. बंदीच्या बाजूने एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली, तर जिल्हाधिकारी परवान्याचं दुकान बंद करतात. जॅक रॉथमन यांनी 1968 मध्ये समुदाय कार्याची जी तीन प्रारूपं सांगितली (स्थानिक विकास, सामाजिक नियोजन आणि सामाजिक कृती) त्यांपैकी हे तिसऱ्यात बसतं, कारण इथे दुकानदाराचं हित आणि बायकांचं हित समोरासमोर आहे आणि सगळ्यांची सहमती होणार नाही.

या आदेशातला ‘एकूण’ हा शब्द निकाल ठरवतो. आपल्या गावात महिला मतदार 1,240. मागणीसाठी 310 सह्या लागतात. बायका पडताळणीत काही बाद होतील हे धरून 380 गोळा करतात. मतदान डिसेंबरात होतं. 871 जणी मत देतात. आडवीला 574, उभीला 283, बाद 14. मत दिलेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश बायकांनी दुकान नको म्हटलं आणि तरीही दुकान राहतं. निम्म्याहून जास्त म्हणजे 621 मतं हवी होती. 47 कमी पडली. रात्री दुकानासमोर फटाके वाजतात.

चूक कुठे झाली? सभा उत्तम झाल्या, सह्या जास्त जमल्या. घसरण झाली ती दुसऱ्या पायरीवर, अभ्यासात. मतदारयादी कोणी घरोघर ताडून पाहिलीच नव्हती. नंतर पाहिली तेव्हा यादीत लग्न होऊन परगावी गेलेल्या 88 मुली आणि मयत झालेल्या 12 बायका निघाल्या. या शंभर नावांचं प्रत्येक मत न पडताच ‘उभी’ला गेलं. यादी आधी दुरुस्त असती तर एकूण मतदार 1,140 झाल्या असत्या, लागणारी मतं 571, आणि पडलेली 574 पुरली असती. शिवाय डिसेंबरात कित्येक घरं ऊसतोडीवर असतात. ज्या गावातून दिवाळीनंतर कोयते बाहेर पडतात, तिथे मतदानाची मागणी उन्हाळ्याच्या हिशेबाने करायला हवी. मतदानाची तारीख प्रशासन ठरवतं, पण मागणी केव्हा करायची हे बायकांच्या हातात असतं.

अशा वेळी दुकानबंदी समिती मोडते किंवा अभ्यासाला बसते. इथे ती बसते. मयत नावं वगळण्यासाठी नमुना 7, सासरच्या गावी नाव हलवण्यासाठी नमुना 8, हे अर्ज बायका शिकतात. नाव हलवायचं की नाही हे त्या त्या मुलीनेच ठरवायचं. माहेरच्या सोयीसाठी तिच्यावर दबाव आणला, तर दुकानदाराच्या दबावात आणि आपल्या दबावात फरक उरत नाही. उरलेल्या नावांची वाडीनिहाय वाटणी होते आणि प्रत्येक समिती सदस्यावर तीस घरांची जबाबदारी येते. पुन्हा मागणी करायची तर सह्यांपासून सगळं नव्याने. पुढच्या वर्षी तोडणी टोळ्या परतल्यावर झालेल्या मतदानात दुकान बंद होतं.

मूल्यमापन इथून सुरू होतं, आणि बहुतेक अहवाल नेमके इथेच थांबतात. दुकान बंद झालं म्हणजे दारू बंद झाली असं नाही. पुढच्या गावातलं दुकान चार किलोमीटरवर आहे. हातभट्टी सुरू होऊ शकते, आणि हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल आलं तर काय होतं हे जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसलं. तिथे शंभराहून अधिक माणसं दगावली. परवान्याचं दुकान मतदानाने बंद होतं. बेकायदा विक्रीला मतदान लागत नाही, तिथे पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रारीचा पाठपुरावा लागतो. म्हणून समितीने मोजायच्या गोष्टी वेगळ्या असतात: गावात नवी विक्री कुठे सुरू झाली, पोलिसांत किती तक्रारी नोंदल्या गेल्या, शनिवारच्या मारहाणीच्या घटना कमी झाल्या का.

आणखी एक धोका तिसऱ्या रकान्यातून थेट पहिल्याकडे परततो. दुकान ज्या दिवशी बंद होतं, त्या दिवशी गावातल्या रोज पिणाऱ्या माणसांचा पुरवठा अचानक तुटतो. त्यांतल्या जुन्या, जड पिणाऱ्यांना पुढच्या तीन दिवसांत झटके किंवा भ्रम येऊ शकतो. मतदानाची तयारी करणाऱ्या समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवणं, कोणाच्या घरी लक्षणं दिसली तर कुठे न्यायचं हे आशा सेविकेला माहीत असणं, हा समुदाय संघटनाच्या योजनेचाच भाग हवा. गावाच्या विजयाची किंमत एखाद्या माणसाच्या जिवाने चुकती होता कामा नये.

सुमनच्या घरी काय झालं? नवरा व्यसनमुक्ती केंद्रातून परतला, चार महिने प्यायला नाही, मग बहिणीच्या लग्नात प्यायला. नोंदवहीत याला अपयश म्हणायचं नसतं. पुन्हा पिणं हा या आजाराच्या वाटेवरचा ओळखीचा टप्पा आहे, आणि केंद्राच्या पाठपुरावा बैठकीला तो दोन दिवसांत पुन्हा गेला ही नोंद जास्त महत्त्वाची. सुमनची मजुरी आता खात्यात जाते. मुलगा नववीत बसला, एक वर्ष मागे. तिची केस बंद करताना कार्यकर्तीने तीन आणि सहा महिन्यांनंतरच्या चौकशीच्या तारखा लिहून ठेवल्या. गटाची निरोपाची बैठक झाल्यावर नऊपैकी पाच जणी दुकानबंदी समितीत गेल्या, चौघी गेल्या नाहीत. त्या चौघींना समितीत ओढायचं नाही, असं गटानेच ठरवलं. समितीच्या कागदपत्रांची फाइल, म्हणजे दुरुस्त मतदारयादी, सह्यांच्या प्रती आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, संस्थेच्या कपाटातून काढून गावातल्या अंगणवाडी सेविकेकडे ठेवली आहे.